धागा: पणजोबांची किराणा वही आणि आबांची कॅसेट, यांतून त्यांचा दिवस कसा काढायचा?

वहीवाला_लातूर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढतोय. विषय घरचा आहे, पण इथं मोडी वाचणारे आणि निजामकाळाचे जाणकार आहेत म्हणून विचारतो.

माझे पणजोबा मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, वकिली करायचे. सगळा तालुका त्यांना 'वकीलसाहेब' म्हणायचा. खादी, रात्रशाळा, विधवेच्या पुनर्विवाहाला उभं राहणं, अस्पृश्यांसोबत पंगत, असं त्यांचं काम. इतिहासाच्या पुस्तकात नाव नाही, गावच्या तोंडात आहे. या वर्षी गावातली मंडळी स्मरणिका काढताहेत आणि 'वकीलसाहेबांची दिनचर्या' हा दोन पानांचा लेख माझ्या गळ्यात पडलाय.

घरात जे ऐकत आलो ते असं: पहाटे चारला उठत, बारा महिने थंड पाण्यानं आंघोळ, चहाला आयुष्यात शिवले नाहीत, दोन वेळा साधं जेवण, रात्री बारापर्यंत वाचन.

हाताशी दोन गोष्टी आहेत. एक, घरखर्चाच्या वह्या, फसली १३४६ ते १३५२. लाल कापडी बांधणीच्या लांबट, मोडीत लिहिलेल्या. हिशेब दिवाणजी लिहायचे. दोन, एक कॅसेट. आमच्याकडे आबा म्हणून गडी होते, बारा-तेरा वर्षांचे असताना कामाला लागले. १९९१ साली माझ्या काकांनी त्यांना बोलतं करून टेप केलं. आबा आता नाहीत.

अडचण अशी की वही आणि घरची गोष्ट जुळत नाही. चहापत्ती दर महिन्याला आहे. साखर महिन्याला तीन शेर आहे! दूध फक्त उन्हाळ्यात. थंडीत घासलेट दुपटीच्या जवळ जातं. मग खरं काय धरायचं?

---

पहाटपक्षी

वा, प्रेरणादायी! मीही तीन महिन्यांपासून चारला उठायचा प्रयत्न करतोय, सव्वापाचच्या आत होत नाही. त्यांचा पूर्ण आहार इथं टाकाल का? रात्रीचं जेवण किती वाजता घ्यायचे ते विशेष.

---

डॉ_गोदाकाठ

महिन्याला तीन शेर साखर आणि वर चहा? मला तर सरळ मधुमेह दिसतो. त्या काळात निदान कुठं व्हायचं. शेवटचं आजारपण कसलं होतं? वह्यांत औषधांच्या नोंदी बघा, बाकी सगळं आपोआप उलगडेल.

---

जुनी_मोडी

डॉक्टर, जरा थांबा. वहीवाला, तो साखरेचा आकडा वहीत दिसतो तसाच इथं लिहा. तुम्ही वाचलेला नको, दिसतो तो.

---

वहीवाला_लातूर

'साखर शेर' आणि त्यापुढं तीन उभ्या रेघा. दोन जवळ, एक जरा सुटी. असं: ॥।

---

जुनी_मोडी

वाटलंच होतं. तो तीन नाही हो, पाऊण आहे. एक रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण. पूर्ण आकडा असेल तर तो रेघांच्या आधी येतो, म्हणजे २॥ म्हणजे अडीच. रुपयातही तसंच, । म्हणजे चार आणे आणि ॥ म्हणजे आठ आणे. घरोघरच्या वह्या वाचताना पहिली चूक हीच होते. माझ्याही हातून झालीय, मी एका लग्नाच्या यादीत पाव शेर केशराचं एक शेर करून ठेवलं होतं आणि त्यावर एक अख्खा परिच्छेद लिहिला होता.

आता पुन्हा हिशेब करू. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर धरला तर पाऊण शेर म्हणजे सातशे ग्रॅम. एका कपाला दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम साखर धरा. महिन्याचे सत्तर कप झाले. वकिलाचा वाडा, रोज पक्षकार येणार. सत्तर कप म्हणजे दिवसाला दोन-अडीच. हा पाहुण्यांचा चहा आहे, घरचा नव्हे. तेव्हा 'चहाला शिवत नसत' याला वही आडवी येत नाही. दुजोराही देत नाही, हेही लक्षात ठेवा.

आणि गूळ बघितला का? आपल्याकडं गुळाचाच चहा चालायचा. गूळ जर भेलीनं येत असेल तर साखरेवरून काढलेलं सगळं गणित कच्चं.

---

वहीवाला_लातूर

बापरे. मी स्मरणिकावाल्यांना 'साहेबांना गोडाची आवड होती' असं कळवूनसुद्धा टाकलं होतं. आता फोन करून थांबवतो.

गुळाच्या भेली आहेत. लातूरहून येतात, वर्षाला चार-पाच.

---

जुनी_मोडी

मग चहाचा निकाल वहीतून लागणार नाही. पुढं.

दूध फक्त उन्हाळ्यात दिसतं म्हणालात. वाड्यात गोठा होता ना? मग गाय-म्हैस दुभती असेतो दुधाला पैसा लागत नव्हता, म्हणून नोंद नाही. आटली की रतीब सुरू. वहीत फक्त उंबऱ्याबाहेर गेलेला पैसा दिसतो. शेतातली जवारी, तूर, परसातली अंबाडी, बलुत्यावर येणारा न्हावी, घाण्यावरचं करडीचं तेल, यांतलं काहीच रोख खर्चात येत नाही. म्हणजे माणूस रोज जे सगळ्यात जास्त खातो तेच वहीत सगळ्यात कमी असतं. वही वाचून तुम्हाला वाटेल, हे घर सुपारी, मीठ, घासलेट आणि टपाल हशिलावर जगत होतं.

आणखी एक. महिन्याच्या शेवटी 'किरकोळ' म्हणून जी रक्कम आहे ती डोळ्यांखालून घाला. तपकीर, तंबाखू, विडी असल्या गोष्टी दिवाणजी मालकाच्या अब्रूखातर किरकोळमध्ये टाकत.

---

पहाटपक्षी

म्हणजे दूध घ्यायचे की नाही?

---

शेवंता७४

मी सहसा लिहीत नाही, पण इथं लिहिते. माझी आजी परभणीकडं एका अशाच मोठ्या घरात धुणीभांडी करायची. ते घरही सुधारकाचंच. तुम्ही 'नोकरांच्या आठवणी' म्हणताय तर एक विचारते. आबांना त्या कॅसेटमध्ये काय विचारलं, ते ऐकलंत का? का फक्त त्यांची उत्तरं उतरवून घेतली?

माझ्या आजीला पण एक प्राध्यापक भेटायला आले होते. 'मालक फार दयाळू होते ना?' असं विचारलं. आजी म्हणाली, 'हाव जी, लई दयाळू.' ते गेल्यावर भाकर थापताना तिनं मला वेगळंच सांगितलं. दयाळू होते हे खोटं नव्हतं. पण तेवढंच नव्हतं.

---

वहीवाला_लातूर

शेवंताताई, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. मी फक्त उत्तरं उतरवली होती. काल रात्री पुन्हा ऐकली. काकांचा आवाज: 'आबा, साहेब पहाटे चारला उठायचे, नाही का?' आबा: 'हो जी, उठायचे की.' संपलं. आमच्या 'चार वाजता'चा उगम एवढाच.

पण पुढं दहा मिनिटांनी, कुणी न विचारता, आबा म्हणतात: 'तांबडं फुटायच्या टायमाला म्या गोठ्यातलं शेण काढायचो, अंगण झाडायचो, बंब पेटवायचो. बंबातलं पाणी कढत झालं की साहेब न्हाणीत यायचे.'

---

जुनी_मोडी

आता कसं. हे खरं साक्षीचं वाक्य आहे. आबांकडं घड्याळ नव्हतं, त्यांचं घड्याळ म्हणजे कामाचा क्रम. शेण, झाडलोट, बंब. क्रम माणूस पन्नास वर्षांनीही विसरत नाही, कारण तो हाताला ठाऊक असतो. आकडा मात्र विचारणाऱ्याचा असतो.

तांबडं फुटायला हिवाळ्यात सहा वाजतात, उन्हाळ्यात पाच-सव्वापाच. त्यात झाडलोट आणि बंब तापायला पाऊण तास धरा. म्हणजे आंघोळ सहा ते पावणेसात. त्याआधी ते उठून बसलेले असतील, वाचत असतील, पण ते आबांनी पाहिलेलं नाही.

आणि थंड पाण्याचं काय करता?

---

वहीवाला_लातूर

हो ना, बंब! आमच्या आत्यांना सांगितलं तर म्हणाल्या, 'बंब बायकांसाठी असेल.' पण आबा स्पष्ट म्हणताहेत 'साहेब यायचे'. वहीतही 'बंबास नळी बसविली' अशी नोंद एका आझूरमध्ये आहे, म्हणजे दिवाळीच्या आसपास, थंडी सुरू होताना.

---

मराठवाडी_मिसळ

थंड पाण्याची आंघोळ मला वाटतं तुरुंगातून आलेली असावी. १९३८ ला स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला, त्यात पुष्कळ जण आत गेले. तुरुंगात गरम पाणी कोण देतो. बाहेर आल्यावर लोक 'साहेब थंड पाण्यानं आंघोळ करतात' म्हणू लागले असतील आणि तेच बारा महिने झालं असेल. तुमचे पणजोबा आत होते का?

---

वहीवाला_लातूर

होते, काही महिने. त्या महिन्यांची वही आहे. गंमत म्हणजे घरखर्च फारसा कमी होत नाही. एक माणूस कमी झाला पण भेटायला येणारे वाढले.

---

जुनी_मोडी

मिसळराव, तर्क चांगला आहे, पण तो लेखात 'असावी' म्हणूनच जाऊ द्या.

घासलेटाचं बोलू. महिन्याला किती बाटल्या?

---

वहीवाला_लातूर

एरवी सहा. दै, बहमन, इस्फंदार या तीन महिन्यांत दहा. १३५२ मध्ये मात्र एकदम तीनवर येतं.

---

मराठवाडी_मिसळ

बघा! हे रात्रीचं वाचन. थंडीत रात्र मोठी, म्हणून जास्त. आणि १३५२ मध्ये डोळे अधू झाले असणार म्हणून वाचन सुटलं.

---

जुनी_मोडी

एकदम डोळ्यांवर कशाला जाता? १३५२ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४२ ते ऑक्टोबर १९४३. लढाई चालू होती, रॉकेल मिळतच नव्हतं. डोळे गरुडासारखे असते तरी तीनच बाटल्या आल्या असत्या. टंचाईची वर्षं सवयींसाठी वापरायचीच नाहीत, ती बाजूला ठेवा.

बाकी वर्षांसाठी मी एकदा घरी मोजून पाहिलं होतं. साधा कंदील, मध्यम वात, पाव लिटरमध्ये बारा तासांच्या आसपास. बाटली पाऊण लिटरची धरली तर एका बाटलीत एक कंदील छत्तीस तास. सहा बाटल्या म्हणजे दोनशे सोळा तास, रोजचे सात. वाड्यात ओसरीवर एक, स्वयंपाकघरात एक असे दोन कंदील साडेतीन तास जळले की संपलं. म्हणजे दिवेलागणीपासून रात्री दहाच्या आसपास घर अंधारात.

थंडीतल्या जादा चार बाटल्यांचे रोज पावणेपाच तास होतात. हे एका माणसाचं वाचन असू शकतं, किंवा दोन कंदील सव्वादोन-अडीच तास. वहीवाला, रात्रशाळा कधी भरायची?

---

वहीवाला_लातूर

अंगावर काटा आला. कॅसेटमध्ये आहे: 'सुगी सरली की शाळा. दोन कंदील भरून, काचा पुसून, चावडीमागच्या खोलीत नेऊन ठेवायचं काम माझं. परत आणताना तेल सांडलं की दिवाणजी बोलायचे.'

---

जुनी_मोडी

'सुगी सरली की' याचा अर्थ गावात काय घेतात ते विचारून घ्या. खरिपाची की रब्बीची? खरिपाची असेल तर तुमचे दै-बहमन-इस्फंदार, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी, बरोबर बसतात. रब्बीची जवारी असेल तर फाल्गुन-चैत्र येतो आणि मग जुळत नाही.

जुळलं तर जादा तेल रात्रशाळेचं. बारापर्यंतच्या वाचनाला वहीत तेल उरत नाही. अर्थात करडीच्या तेलाची समई लावून वाचत असतील तर ते तेल घाण्यावरून आलं, वहीत येणारच नाही. म्हणून 'बारापर्यंत वाचत नसत' असंही लिहू नका.

---

डॉ_गोदाकाठ

समईच्या उजेडात रोज बारापर्यंत मोडी-उर्दू कागद वाचणं डोळ्यांना झेपणारं नाही, एवढं डॉक्टर म्हणून सांगतो. मधुमेहाचं मागं घेतो.

---

कोपरगावकर

विषय निघालाय म्हणून. न्यायमूर्ती रानड्यांचं रोजचं वागणं आपल्याला इतकं ठाऊक आहे ते रमाबाईंनी लिहून ठेवलं म्हणून. आंब्याच्या दोन फोडी खाऊन थांबणं वगैरे. मग वह्या आणि नोकर कशाला, घरातल्या बाईचं लिखाण शोधा ना.

---

जुनी_मोडी

असतं तर सोनंच. पण रमाबाईंचं पुस्तक १९१० चं, रानडे गेल्यावर नऊ वर्षांनी आलेलं, आणि ते पतीबद्दल पत्नीनं लिहिलेलं आहे. त्यात प्रेम आहे तसा आदराचा पडदाही आहे. बाबासाहेबांच्या शेवटच्या रात्रीचा तपशील आपल्याकडं येतो तो मुख्यतः त्यांचे सहायक नानकचंद रत्तू यांच्याकडून, आणि सकाळी आत जाऊन पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी सविता आंबेडकर. रत्तूंची पुस्तकं जवळजवळ चाळीस वर्षांनी आली. जवळच्या माणसाचं सांगणं मोलाचं, पण किती वर्षांनी सांगितलं आणि कुणाला सांगितलं हे प्रत्येक वेळी शेजारी लिहून ठेवायचं.

चहावरून आठवलं. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे-टिळकांसकट कितीतरी जणांवर गदारोळ झाला होता. तेव्हा 'चहाला शिवत नसत' याचा अर्थ नुसता आरोग्याचा असेलच असं नाही. कुणाच्या हातचा, हा प्रश्न असू शकतो. तुमच्या पंगतीचं काय? वहीत काही सापडलं?

---

वहीवाला_लातूर

तिथंच तर निराशा झाली. घरात एक पत्र आहे, त्यावरून पंगत फेब्रुवारी १९४१ मध्ये झाली हे पक्कं. वहीत एका दिवशी 'पत्रावळी शेकडा २, द्रोण शेकडा २', गहू, गूळ, डाळ असा मोठा खर्च आहे आणि चार दिवसांनी 'आचारी यास आजतागायत पगार चुकता'. मला वाटलं सापडलं! पण तारीख फरवर्दी १३५०. त्यात ५९० मिळवले की १९४०. एक वर्ष आधीचं. म्हणजे दुसरं कसलंतरी जेवण असणार, श्राद्ध वगैरे.

---

जुनी_मोडी

अहो, ५९० फक्त ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी! आपल्या हैदराबादी फसलीचं वर्ष आझूरमध्ये, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं. जानेवारी उजाडला की इंग्रजी सन बदलतो, फसली तोच राहतो. म्हणून जानेवारीपासून पुढं ५९१. फरवर्दी हा पाचवा महिना, साधारण फेब्रुवारी. १३५० अधिक ५९१, फेब्रुवारी १९४१.

तुमची पंगत तीच आहे.

---

वहीवाला_लातूर

मी दोन मिनिटं नुसता बसून होतो.

म्हणजे दोनशे पानांची पंगत, आणि चौथ्या दिवशी आचारी हिशेब चुकता करून गेला. नंतर सात आठवडे आचाऱ्याच्या पगाराची नोंदच नाही. मग नवा आचारी, महिना दोन रुपये हाली जास्त.

---

मराठवाडी_मिसळ

माघ-फाल्गुन म्हणजे लग्नसराई. आचारी लोकांना बाहेर चार दिवसांत महिन्याचा पगार सुटतो. तो त्यासाठी गेला असेल. प्रत्येक गोष्टीत क्रांती शोधू नका राव. आणि नव्याला दोन रुपये जास्त, कारण लढाईची महागाई.

---

जुनी_मोडी

रास्त शंका आहे, आणि तपासता येते. लग्नसराईला जाणारा गडी सहसा परत येतो, त्याच्या नावावर 'उचल' पडते. 'चुकता' म्हणजे संबंध संपला. वहीवाला, १३४८ आणि १३४९ चे तेच महिने बघा. तेव्हा आचारी कुठं होता?

---

वहीवाला_लातूर

बघितलं. दोन्ही वर्षी पूर्ण पगार, कुठं खंड नाही. १३४९ मध्ये 'लग्नाकरिता उचल रुपये १०' आहे, ती पुढच्या चार महिन्यांत कापून घेतलीय. तरी गेला नव्हता.

आणि कॅसेट: 'बामण आचारी गेला तवा आईसाहेबांनी चूल धरली. साहेब म्हणले आता भाकरच करा, पोळ्या राहू द्या. म्हैनाभर सगळ्या घरानं जवारीची भाकर अन् येसराची आमटी खाल्ली. म्या तर रोजच खायचो.' आणि आबा हसतात.

---

मराठवाडी_मिसळ

ठीक आहे, लग्नसराई मागं घेतो. महागाई नाही घेत. दोन रुपये कशाचे, हे अजून सिद्ध व्हायचंय.

---

जुनी_मोडी

कबूल. ते उघडंच ठेवू. पण आहाराबद्दल तुमच्या हातात आलेली सगळ्यात भक्कम गोष्ट ही आहे. 'साधं जेवण' हा गुण म्हणून नव्हे, तारखेसकट. एरवी पोळ्या व्हायच्या, आचारी होता, आणि या सात आठवड्यांत नव्हता. वही आणि आबा दोघांनी एकमेकांना न विचारता तेच सांगितलं. फक्त आबांचा 'म्हैनाभर' आणि वहीचे सात आठवडे यातला फरक तसाच ठेवा, बसवून घेऊ नका.

---

शेवंता७४

'म्या तर रोजच खायचो' हे वाक्य लेखात घ्या. गाळू नका.

आणि एक विचारायचं राहिलं. आबा कुठं जेवायचे? पाणी कशातून प्यायचे?

---

वहीवाला_लातूर

ताई, ते कॅसेटमध्ये आहे. लिहू की नको असं चाललं होतं.

आबा म्हणतात: 'माझा कप गोठ्याच्या देवळीत असायचा. कान तुटका. चहा आईसाहेब वरून वतायच्या.'

---

कोपरगावकर

हे स्मरणिकेत कशाला? काळच तसा होता. ज्या माणसानं दोनशे पानांची पंगत उठवली, त्याच्या नावावर एका कपाचा डाग कशाला लावायचा.

---

शेवंता७४

डाग लावायचा म्हणून नाही म्हणत मी. तुम्हाला 'दिनचर्या' लिहायचीय ना? मग रोज सकाळी त्या घरात जे घडायचं त्यात हा कप पण येतो. पंगत एक दिवसाची होती. कप रोजचा होता. माझ्या आजीचा पण होता, पितळी, मोरीवर उपडा ठेवलेला. ती कधी मालकांना वाईट बोलली नाही. पण कप कुठं असायचा ते कायम सांगायची.

---

जुनी_मोडी

ताईंशी सहमत. फक्त एक तपासा. आबा हे कुठल्या सालाचं सांगताहेत? १९४१ च्या आधीचं की नंतरचं? पंगतीनंतर कप आत गेला असेल तर ती वेगळी गोष्ट, आणि नसेल गेला तर ती आणखी वेगळी. वहीत काच-चिनीमातीची खरेदी आहे का?

---

वहीवाला_लातूर

'कपबशी अर्धा डझन' अशी नोंद आहे. खुर्दाद १३५०. म्हणजे... एप्रिल १९४१. नवा आचारी आला त्याच सुमाराला.

---

मराठवाडी_मिसळ

झालं! कप आत गेला!

---

जुनी_मोडी

किंवा जुने फुटले. सहा कपबश्यांवरून कुणाला दिल्या हे कळत नाही, मिसळराव.

चहाबद्दल मात्र एक कळलं. आबांना रोज चहा मिळत होता. म्हणजे सत्तर कपांतले तीस त्यांचे. पाहुण्यांचे माझे गणित त्या मानाने चुकलं, किंवा त्यांचा चहा गुळाचा होता. वहीवाला, 'आईसाहेब वतायच्या' नंतर आबा काय म्हणतात?

---

वहीवाला_लातूर

काका विचारतात, 'आणि पंगतीनंतर?' आबा म्हणतात, 'पंगतीनंतर साहेब मला म्हणले की...' आणि पहिली बाजू संपते.

दुसऱ्या बाजूला सुरुवातीला नुसती खरखर आहे. फीत चिकटलीय, दोनदा अडकली, आता वाजवायची हिंमत होत नाही. औरंगाबादेत कुणी जुन्या कॅसेट नीट काढून देणारं माहीत आहे का?

---

शेवंता७४

छत्रपती संभाजीनगरात माझा भाचा रेकॉर्डिंगचं काम करतो. अजिबात वाजवू नका, पेन्सिलीनं फिरवूही नका. व्यक्तिगत निरोप टाकते, रविवारी आणून द्या.

---

पहाटपक्षी

आज पाच वाजून दहा मिनिटांनी उठलो. साहेबांपेक्षा आधीच म्हणायचं की.